अधिग्रहणातले गुडविल: घसारा नाही, मग दरवर्षी चाचणी का आणि ती कशी करायची

लेखापरीक्षेच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना एकत्रित ताळेबंदातली एक ओळ हमखास अडवते. इमारतीवर घसारा आहे, यंत्रांवर आहे, सॉफ्टवेअरवरही आहे. पण त्याच पानावर ‘गुडविल’ नावाची शेकडो कोटींची रक्कम गेल्या वर्षी जितकी होती तितकीच यंदाही दिसते. बारावीच्या पुस्तकपालनात ‘ख्याती’ या नावाने भेटलेली भागीदारी संस्थेतली कल्पना इथे फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून एकाच काल्पनिक व्यवहाराचे आकडे धरून ही रक्कम जन्माला कशी येते, तिच्यावर घसारा का लावत नाहीत आणि त्याऐवजी केली जाणारी इम्पेअरमेंटची, म्हणजे मूल्यऱ्हासाची, चाचणी प्रत्यक्षात कशी चालते, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. नियम इंड एएसचे, म्हणजे भारतीय लेखा मानकांचे, आहेत: गुडविलच्या मोजणीसाठी इंड एएस १०३ आणि चाचणीसाठी इंड एएस ३६.

व्यवहार असा आहे. खाद्यपदार्थांच्या धंद्यातली एक कंपनी मसाले बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे सगळे शेअर्स वर्षाच्या पहिल्या दिवशी ५०० कोटी रुपये रोख देऊन विकत घेते. घेणाऱ्या कंपनीचा लोणची-पापडांचा जुना, चांगला चालणारा धंदा आहे. मसाला कंपनीच्या पुस्तकांत निव्वळ मालमत्ता, म्हणजे मालमत्ता वजा देणी, १८० कोटींची आहे. नवखा माणूस इथे लगेच वजाबाकी करतो आणि ३२० कोटी गुडविल आले असे सांगतो. ते चूक आहे.

पहिली पायरी: व्यवहार गुडविलचा आहे का आणि मोबदला नेमका किती

एकाच प्रवर्तकाच्या दोन कंपन्या एकमेकींत विलीन होत असतील, तर इंड एएस १०३ च्या परिशिष्टानुसार मालमत्ता जुन्या पुस्तकी रकमांनीच एकत्र केल्या जातात आणि नवे गुडविल निर्माणच होत नाही. आपल्याकडे समूहांतर्गत विलीनीकरणे इतकी होतात, की हा प्रश्न सर्वांत आधी विचारलेला बरा.

आपल्या उदाहरणात दोन्ही पक्ष परके आहेत आणि मोबदला रोख आहे, त्यामुळे ५०० कोटींबद्दल वाद नाही. वकील, मूल्यांकनकार आणि सल्लागार यांची बिले मात्र या रकमेत मिळवायची नाहीत. ती त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकातच खर्च म्हणून जातात.

मोबदला शेअर्सच्या रूपात असेल, तर मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण शेअर्सचे मूल्य करार झाला त्या दिवसाचे नव्हे, तर ताबा मिळाला त्या दिवसाचे धरतात. मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हरने हॉर्लिक्सवाली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी सामावून घेतली, तो व्यवहार या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये घोषणा झाली तेव्हा ग्लॅक्सोच्या एका शेअरमागे हिंदुस्थान युनिलिव्हरचे ४.३९ शेअर्स हे प्रमाण ठरले आणि व्यवहाराचे मूल्य सुमारे ३१,७०० कोटी रुपये सांगितले गेले. विलीनीकरण १ एप्रिल २०२० रोजी अमलात आले तेव्हा प्रमाण तेच होते, पण मधल्या काळात हिंदुस्थान युनिलिव्हरच्या शेअरचा भाव चढल्यामुळे मोबदला ४० हजार कोटींच्या घरात मोजला गेला आणि १७ हजार कोटींहून अधिक गुडविल ताळेबंदात आले. हॉर्लिक्स तेच होते, भाव घेणाऱ्याच्या शेअरचा वाढला होता. गुडविलच्या आकड्यात विकत घेतलेल्या धंद्याच्या गुणांखेरीज आणखी काय काय मिसळलेले असते, याची ही पहिली खूण आहे.

दुसरी पायरी: जे जे ओळखता येते ते ते आधी वेगळे काढणे

गुडविल स्वतंत्रपणे कधीच मोजले जात नाही. बाकी सगळे मोजून झाल्यावर जे उरते, ते गुडविल. म्हणून ही पायरी जितक्या काळजीने केली जाईल, तितका शेवटचा आकडा अर्थपूर्ण ठरतो. मसाला कंपनीच्या प्रत्येक मालमत्तेचे आणि देण्याचे ताबा घेतल्या दिवशीचे रास्त मूल्य काढायचे. जमीन आणि इमारती पुस्तकांत ४० कोटींना होत्या, त्यांचे रास्त मूल्य १०० कोटी निघाले. म्हणजे ६० कोटींची वाढ. कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड तिच्या पुस्तकांत एका रुपयालाही नव्हता, कारण स्वतः घडवलेला ब्रँड इंड एएस ३८ नुसार मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. विकत घेणाऱ्याने मात्र त्यासाठी पैसे मोजलेले असतात, म्हणून त्याच्या पुस्तकांत तो १२० कोटींना येतो. वितरकांशी असलेल्या करारांचे आणि संबंधांचे मूल्य ४० कोटी धरले. एकूण वाढ २२० कोटींची झाली.

या वाढीवर स्थगित करदायित्व, म्हणजे पुढे भरावा लागणाऱ्या कराचे देणे, उभे करावे लागते, कारण शेअर्स विकत घेतल्याने आयकराच्या हिशेबातल्या जुन्या रकमा बदलत नाहीत आणि पुस्तकी रक्कम तेवढी वाढते. सोयीसाठी सगळ्या वाढीवर २५ टक्के दर धरला, तर ५५ कोटींचे दायित्व येते. आता हिशेब असा होतो: १८० अधिक २२० वजा ५५, म्हणजे ३४५ कोटींची ओळखता येणारी निव्वळ मालमत्ता, आणि ५०० वजा ३४५, म्हणजे १५५ कोटींचे गुडविल.

या १५५ कोटींत काय आहे, ते पाहण्यासारखे आहे. मसाल्याचे मिश्रण हातखंडा जमवणारे कामगार आणि अनुभवी व्यवस्थापक यांची तयार फळी त्यात आहे, कारण कामगारवर्ग ही वेगळी मालमत्ता म्हणून दाखवायला मानकाची परवानगी नाही. आपल्या लोणच्यांच्या गाड्यांवरून मसालेही दुकानांत पोहोचतील आणि वाहतूक स्वस्त पडेल, ही अपेक्षा त्यात आहे. लिलावाच्या भरात दहा-वीस कोटी जास्त मोजले गेले असतील, तर तेही त्यातच आहेत. आणि ५५ कोटी तर केवळ स्थगित कराच्या नोंदीमुळे आलेले आहेत. त्यांचा ख्यातीशी काही संबंध नाही. गुडविल म्हणजे कंपनीची पत, असे जे म्हटले जाते ते ताळेबंदातल्या या आकड्याला क्वचितच लागू पडते.

ताबा घेतल्यापासून जास्तीत जास्त १२ महिन्यांपर्यंत हे आकडे तात्पुरते ठेवता येतात. त्या मुदतीत ताब्याच्या दिवशीच्या परिस्थितीबद्दल नवी माहिती मिळाली, तर गुडविल मागच्या तारखेने दुरुस्त होते. त्यानंतर घडलेल्या घटनांमुळे मात्र ते बदलता येत नाही. आपला व्यवहार शेअर्सच्या खरेदीचा असल्यामुळे गुडविल एकत्रित वित्तीय पत्रकांत दिसते. घेणाऱ्या कंपनीच्या स्वतंत्र पत्रकात ५०० कोटींची गुंतवणूक एवढीच नोंद असते. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या स्वतंत्र ताळेबंदातही गुडविल दिसते, कारण तिथे कंपनीच विलीन झाली.

घसारा का नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमूर्त मालमत्तेवरच्या घसाऱ्याला अमोर्टायझेशन म्हणतात, पण तत्त्व एकच आहे: मालमत्तेचे आयुष्य आणि तिचा उपभोग कोणत्या क्रमाने होतो हे ठरवायचे आणि किंमत त्या काळावर वाटायची. पेटंटला कायद्याने दिलेली मुदत असते, यंत्राचे तास मोजता येतात, वितरकांच्या यादीतले दरवर्षी किती गळतात हे मागच्या नोंदींवरून सांगता येते. गुडविल हे उरलेले गाठोडे असल्यामुळे त्याच्या आयुष्याला असा कोणताच आधार नाही. कामगारांची फळी किती वर्षे टिकेल, वाहतुकीतली बचत किती वर्षे मिळेल आणि स्थगित करातून आलेले ५५ कोटी किती वर्षांत ‘वापरले’ जातील, या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर देणे म्हणजे आकडा कल्पून लिहिणे.

तसे कल्पून लिहिलेले आकडे अनेक वर्षे चालले. अमेरिकेत १९७० पासून गुडविल जास्तीत जास्त ४० वर्षांत उतरवत असत. आंतरराष्ट्रीय मानकात २० वर्षांची सर्वसाधारण मर्यादा होती. आणि आपल्या जुन्या एएस १४ मध्ये विलीनीकरणातून आलेल्या गुडविलला, जास्त काळाचे समर्थन करता आले नाही तर, पाच वर्षे होती. एकच गुडविल एका देशात पाच वर्षांत संपते आणि दुसऱ्या देशात ४० वर्षे पुरते, यावरूनच त्या वर्षांचा धंद्याशी संबंध किती होता ते कळते. विश्लेषक तर ही वजावट नफ्यात परत मिळवूनच कंपनी जोखत असत. अमेरिकेने २००१ मध्ये ती पद्धत सोडली, आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने २००४ मध्ये, आणि भारतातल्या मोठ्या कंपन्यांनी इंड एएस टप्प्याटप्प्याने १ एप्रिल २०१६ पासून लागू झाल्यावर.

आपल्या उदाहरणात १५५ कोटी दहा वर्षांत समान हप्त्यांनी उतरवले असते, तर दरवर्षी साडेपंधरा कोटींनी नफा घटला असता. मसाल्याचा धंदा भरभराटीला आला तरी साडेपंधरा आणि बुडाला तरी साडेपंधरा. त्या आकड्याने वाचकाला काही सांगितले नसते. चाचणीमागचा विचार असा आहे, की वाटणी नीट करता येत नसेल तर ती करूच नये. त्याऐवजी दरवर्षी विचारावे, की या रकमेइतका पैसा या धंद्यातून अजून परत येणार आहे का.

हा विचार सर्वांना पटलेला आहे असे मात्र नाही. विरोधकांचा मुद्दा वजनदार आहे: विकत घेतलेले गुडविल हळूहळू संपतेच, जुने व्यवस्थापक निवृत्त होतात, आणि त्यांची जागा घेणारी नवी फळी कंपनीने स्वतःच्या खर्चाने घडवलेली असते. घसारा न लावल्याने, स्वतः घडवलेले गुडविल ताळेबंदात दाखवू नये हा नियम मागच्या दाराने मोडला जातो. पुढे लोणच्यांच्या धंद्याच्या वाट्याला आलेल्या ४५ कोटींच्या गुडविलपाशी आपण पोहोचू, तेव्हा हा मुद्दा डोळ्यांनी दिसेल. लहान संस्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आजही गुडविल उतरवले जाते. मोठ्या कंपन्यांबाबत मंडळाने हा प्रश्न पुन्हा उघडला आणि बरीच चर्चा करून नोव्हेंबर २०२२ मध्ये चाचणीचीच पद्धत कायम ठेवण्याचे ठरवले.

तिसरी पायरी: गुडविल कोणाच्या वाट्याला

गुडविल एकटे पैसा कमवत नाही, म्हणून त्याची चाचणीही एकट्याने होत नाही. धंद्याच्या ज्या भागांना या खरेदीचा फायदा होणार आहे, त्यांच्यात ते वाटावे लागते. असा भाग म्हणजे इतरांवर फारसा अवलंबून न राहता रोकड मिळवणारा मालमत्तांचा सर्वांत लहान गट. व्यवहारात त्याला सीजीयू, म्हणजे कॅश-जनरेटिंग युनिट, म्हणतात. गुडविलची वाटणी व्यवस्थापन ज्या सर्वांत खालच्या पातळीवर त्यावर लक्ष ठेवते त्या पातळीला करायची, आणि ती पातळी कंपनीच्या एका कार्यविभागापेक्षा मोठी असता कामा नये.

नवखे लोक संपूर्ण गुडविल विकत घेतलेल्या कंपनीच्याच नावावर टाकतात. आपल्या व्यवहारात मसाल्यांच्या खरेदीमुळे लोणच्यांच्या गाड्याही भरून जाणार आहेत, म्हणजे फायदा जुन्या धंद्यालाही आहे. समजा, अपेक्षित बचतीच्या प्रमाणात ११० कोटी मसाला गटाला आणि ४५ कोटी लोणची गटाला दिले. ही वाटणी ताब्यानंतर सुरू होणाऱ्या पहिल्या पूर्ण वर्षाच्या अखेरीपर्यंत पुरी करायची असते. एकदा केली, की कंपनीची अंतर्गत रचना बदलल्याशिवाय ती हलवता येत नाही. नाहीतर जो गट अडचणीत येईल त्याचे गुडविल सुखी गटाकडे सरकवणे सोपे झाले असते.

चौथी पायरी: चाचणी

गटाच्या सगळ्या मालमत्तेची गुडविलसह पुस्तकी रक्कम एका बाजूला आणि त्या गटातून वसूल होऊ शकणारी रक्कम दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करायची. वसूलयोग्य रक्कम दोन प्रकारे काढतात: गट विकून खर्च वजा जाता काय मिळेल, आणि गट चालवत राहिल्यास येणाऱ्या रोकडीचे आजचे मूल्य किती, ज्याला वापरमूल्य म्हणतात. या दोहोंपैकी जी जास्त ती धरायची, कारण शहाणा मालक जास्त फायद्याचाच मार्ग निवडेल. ही चाचणी वर्षातून किमान एकदा, दरवर्षी त्याच सुमारास करावी लागते. आणि मधेच अडचणीचे चिन्ह दिसले, तर वर्षअखेरीची वाट न पाहता लगेच. कंपनीचे शेअर बाजारातले एकूण मूल्य तिच्या निव्वळ पुस्तकी मालमत्तेच्या खाली जाणे हे असे एक चिन्ह आहे, आणि ते घरबसल्या तपासता येते.

पहिल्या वर्षअखेरीस मसाला गटाची इतर निव्वळ मालमत्ता ३४० कोटी आणि गुडविल ११० कोटी, मिळून ४५० कोटी आहेत. विक्रीतून एवढे येणार नाही, म्हणून वापरमूल्य काढले. व्यवस्थापनाने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकानुसार पुढच्या पाच वर्षांत ४४, ४७, ५०, ५३ आणि ५६ कोटी रोकड येईल. पाच वर्षांपलीकडे सविस्तर अंदाज नेण्यासाठी खास कारण द्यावे लागते. त्यानंतर रोकड दरवर्षी चार टक्क्यांनी कायम वाढेल असे मानले आहे. वटावाचा दर, म्हणजे या धंद्याची जोखीम लक्षात घेता गुंतवणूकदार मागेल तो परतावा, करपूर्व १४ टक्के आहे. रोकडीचे अंदाजही कर वजा न करता घेतलेले आहेत.

| | पाच वर्षांच्या रोकडीचे आजचे मूल्य | पुढच्या सर्व काळाचे आजचे मूल्य | वापरमूल्य |
|---|---|---|---|
| वटाव १४%, वाढ ४% | १६९ | ३०२.५ | ४७१.५ |
| वटाव १४%, वाढ ३% | १६९ | २७२.३ | ४४१.३ |
| वटाव १५%, वाढ ४% | १६५ | २६३ | ४२८ |

पहिल्या ओळीनुसार वापरमूल्य सुमारे ४७१ कोटी आहे, म्हणजे ४५० कोटींपेक्षा २१ कोटींनी जास्त. चाचणी उत्तीर्ण, नोंद काही नाही. पण दुसरी ओळ पाहा. कायमच्या वाढीचा दर चारऐवजी तीन टक्के धरला, की तोच गट सुमारे पावणेनऊ कोटींनी अनुत्तीर्ण होतो. वटावाचा दर एका टक्क्याने चढवला, तर २२ कोटींनी. कारण उघड आहे: एकूण मूल्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाच वर्षांपलीकडच्या, कोणी तपशीलवार न पाहिलेल्या काळातून येतो. म्हणूनच इंड एएस ३६ ने या दोन दरांचा खुलासा टिपणीत करायला सांगितले आहे, आणि शक्य कोटीतल्या बदलाने चाचणी उलटत असेल, तर किती बदलाने उलटते तेही लिहायला सांगितले आहे. वार्षिक अहवालात सर्वांत आधी हीच टिपणी वाचावी. कायमच्या वाढीचा दर त्या बाजारपेठेच्या दीर्घकालीन सरासरी वाढीपेक्षा जास्त दिसला, तर त्यासाठी दिलेले कारण शोधावे.

एक सापळा इथे सांगायला हवा. वापरमूल्य काढताना गट आज जसा आहे तसाच धरायचा असतो. अजून पक्की न ठरलेली पुनर्रचना किंवा नवे यंत्र बसवून वाढणारी क्षमता यांतून येणारी रोकड अंदाजात घालता येत नाही. मात्र अंदाजपत्रके विक्री विभागाकडून येतात आणि त्यांत ही आशा हमखास मिसळलेली असते. ती हाताने वेगळी काढावी लागते.

पाचवी पायरी: कमी भरली तर

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या स्पर्धकाने स्वस्त पाकिटे बाजारात आणली आणि मिरचीचे भाव चढले. सुधारित अंदाज ३६, ३८, ४०, ४३ आणि ४६ कोटींवर आले. दर तेच ठेवले, तर पाच वर्षांचे १३७ आणि पुढच्या काळाचे २४८.५ मिळून वापरमूल्य सुमारे ३८६ कोटी होते. पुस्तकी रक्कम मात्र इतर मालमत्ता ३३० आणि गुडविल ११०, म्हणजे ४४० कोटी आहे. तूट ५४ कोटींची. ही सगळी तूट आधी गुडविलमधून जाते. गुडविल संपल्यावरच बाकीच्या मालमत्तांना प्रमाणात हात लागतो. मसाला गटाचे गुडविल ११० वरून ५६ कोटींवर येते आणि ५४ कोटींचा तोटा नफा-तोटा पत्रकात जातो. रोकड एक रुपयाही बाहेर जात नाही, कारण पैसा दोन वर्षांपूर्वीच गेलेला आहे.

पुढच्या वर्षी स्पर्धकाने माघार घेतली आणि मूल्य ५०० कोटींवर गेले, तरी हे ५४ कोटी परत लिहिता येत नाहीत. इतर मालमत्तांबाबत उलट नोंद चालते, गुडविलबाबत कधीच नाही. कारण सावरलेले मूल्य विकत घेतलेल्या गुडविलचे आहे की नंतर स्वतः घडवलेल्या, हे सांगता येत नाही, आणि दुसऱ्याला पुस्तकांत जागा नाही. तिमाहीत नोंदवलेला तोटासुद्धा वर्षअखेरीस मूल्य सुधारले म्हणून मागे घेता येत नाही.

चाचणीला काय दिसत नाही

आता लोणची गटाला दिलेल्या ४५ कोटींकडे येऊ. त्या गटाची इतर मालमत्ता २०० कोटी पुस्तकी आहे, पण धंदा जुना आणि मुरलेला असल्यामुळे वसूलयोग्य रक्कम ६०० कोटी आहे. गुडविलसह पुस्तकी रक्कम २४५ कोटी, म्हणजे ३५५ कोटींची मोकळीक. मसाल्याच्या खरेदीतून लोणच्यांना अपेक्षित असलेली बचत शून्य झाली, गाड्या रिकाम्या फिरल्या, तरी हे ४५ कोटी चाचणीत कधीच कमी भरणार नाहीत. जुन्या धंद्याने स्वतः घडवलेली, पुस्तकांत कुठेच नसलेली ख्याती विकत घेतलेल्या गुडविलवर छत्री धरून उभी आहे. या दोषाला मानकांच्या चर्चेत शील्डिंग म्हणतात. घसाऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मघाचा मुद्दा तो हाच. आणि मंडळाने चाचणी कायम ठेवली ती हा दोष नाही म्हणून नव्हे, तर वाजवी खर्चात त्यावर उपाय सापडला नाही म्हणून. मार्च २०२४ च्या मसुद्यात मंडळाने दुसरा रस्ता सुचवला: मोठ्या अधिग्रहणातून काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, हे कंपन्यांनी टिपणीत सांगावे.

दुसरा दोष उशिराचा. टाटा स्टीलने युरोपातली कोरस ही कंपनी २००७ मध्ये घेतली. २००८ च्या जागतिक मंदीने युरोपातली पोलादाची मागणी कोसळली. आणि गुडविल व इतर मालमत्ता मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलरची घट कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केली. त्या काळी जुने एएस २८ लागू होते, तरी चाचणीचे तत्त्व तेच होते. अंदाज पुढच्या अनेक वर्षांचे असतात आणि मंदी संपेलच अशी आशा त्यांत प्रामाणिकपणेही असू शकते, म्हणून ताळेबंद बाजाराच्या मागून चालतो.

आयकराची बाजू इथे एका वाक्यात सांगतो, कारण नवखे दोन्हींची गल्लत करतात: सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीजच्या निकालात गुडविलवर घसाऱ्याची वजावट मान्य केली होती, पण २०२१ च्या वित्त अधिनियमाने ती काढून टाकली, आणि या दोन्ही गोष्टींचा इंड एएसच्या चाचणीशी काही संबंध नाही.

चाचणीचे कागद पहिल्यांदा हातात येतील, तेव्हा वटावाच्या दराच्या गणितात शिरण्याआधी मागच्या वर्षीची फाइल काढावी आणि तिच्यातला पुढच्या वर्षाचा अंदाज प्रत्यक्ष आकड्याशेजारी मांडावा. आपल्या मसाला गटात पहिल्या वर्षअखेरीस ४४ कोटींचा अंदाज होता आणि दुसऱ्या वर्षी प्रत्यक्षात ३५ कोटी आले. हे नऊ कोटी कुठे गेले, याचे उत्तर मिळाल्याखेरीज यंदाच्या ३६ कोटींवर सही करू नये.